फलकावरची फुली आणि सात रकाने

गावोगावच्या एसटी स्टँडवर वेळापत्रकाचा फलक असतो. गाडी कुठे जाणार, किती वाजता सुटणार हे त्यावर लिहिलेलं असतं आणि काही वेळांच्या डोक्यावर एखादी बारीकशी खूण असते. कुठे तारा, कुठे फुली, कुठे नुसता बारीक आकडा. त्या खुणेचा अर्थ फलकाच्या तळाशी एका ओळीत दिलेला असतो: रविवारी बंद, फक्त बाजाराच्या दिवशी, शाळा सुरू असताना. रोज त्याच गाडीने जाणाऱ्याला ती ओळ वाचावी लागत नाही. पण फलकाचा फोटो काढून त्यातल्या वेळा संगणकात भरायला बसलं की खरं काम वेळांचं नसतं, या खुणांचं असतं. वेळ पाच मिनिटांनी चुकली तर माणूस पाच मिनिटं ताटकळतो. खूण चुकली तर तो रविवारी अशा गाडीची वाट पाहत उभा राहतो, जी येणारच नसते.

आज मोबाईलवर ‘इथून तिथे कसं जायचं’ असं विचारल्यावर जे उत्तर मिळतं, त्याच्या मागे बहुतेक वेळा एका ठरलेल्या मांडणीत भरलेल्या साध्या फायली असतात. २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगल यांनी मिळून ही मांडणी तयार केली. ट्रायमेटच्या बिबियाना मॅकह्यू आणि गूगलचे ख्रिस हॅरेलसन यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. तिला जीटीएफएस म्हणतात. जगभरच्या बस, मेट्रो आणि रेल्वे सेवा आज तिचा वापर करतात. तिच्यात `calendar.txt` नावाची एक फाईल असते. गाडी कोणत्या वारी धावते, एवढंच ती सांगते. त्यासाठी सात रकाने असतात, सोमवार ते रविवार, आणि प्रत्येकात १ किंवा ०. धावते तर १, नाही तर ०.

एवढ्या लहान गोष्टीसाठी सात रकाने कशाला, असं कुणालाही वाटेल. ‘सोम ते शनि’ असं लिहिलं की काम भागतं. माणसाचं भागतं, पण संगणकाला त्यासाठी भाषा शिकवावी लागते. कुणी ‘सोम-शनि’ लिहितो, कुणी ‘रवि सोडून’, कुणी ‘रविवार खेरीज’. तिन्हींचा अर्थ एक, पण शोधताना तिन्ही वेगळे. सात रकाने केले की शनिवारच्या गाड्या काढायच्या तर शनिवारच्या रकान्यात १ असलेल्या ओळी वेगळ्या करायच्या, बस.

दुसरी एक पद्धत दिसायला फार सुटसुटीत वाटते. सातही उत्तरं एकाच खान्यात ओळीने लिहायची, `1111110` अशी. ब्रिटिश रेल्वेच्या वेळापत्रकाच्या फायलींमध्ये अशीच सात अंकांची पट्टी असते आणि तिथे ती नीट चालते, कारण ती सोमवारपासून सुरू होते हे लिखित नियमात आहे. घरच्या कामात मात्र ती दगा देते. पट्टी सोमवारपासून की रविवारपासून हे पट्टीकडे पाहून कळत नाही. शिवाय फक्त शुक्रवारी धावणाऱ्या गाडीसाठी `0000100` लिहून एक्सेलमध्ये एंटर दाबलं की एक्सेल तिला संख्या समजतं आणि पुढची शून्यं गाळून टाकतं. उरतं नुसतं `100`. चार वारांची उत्तरं गेली आणि पडद्यावर कुठलीही चूक दिसत नाही. वेगळ्या रकान्यांत हे होत नाही. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर वाराचं नाव असतं आणि एक शून्य दुसऱ्याला चिकटलेलं नसतं.

आता एक फलक घेऊ. हा मी समजावण्यासाठी रचला आहे, वेळा खऱ्या नाहीत. गोव्याच्या हद्दीला लागून असलेलं एक तालुक्याचं गाव धरा. तिथून म्हापशाला गाड्या जातात. म्हापशाचा बाजार शुक्रवारी भरतो, तेव्हा त्या दिवशी एक जास्तीची गाडी असते. वडगाव नावाचं एक आतलं खेडं आहे. तिथे संध्याकाळी जाणारी गाडी मुक्कामी राहते आणि सकाळी परत येते. फलकावर हे असं दिसतं: म्हापसा ६:४५, खूण नाही. म्हापसा ८:३०, वर @. वडगाव मुक्कामी १८:३०, वर फुली. वडगावहून परत ६:००, वर तारा. तळाला तीन ओळी: तारा म्हणजे रविवारी बंद, फुली म्हणजे शनिवारी जाणार नाही, @ म्हणजे फक्त शुक्रवारी.

असा फलक भरायला घेतला की पहिला मोह होतो तो थेट सात रकाने भरत सुटायचा. तो आवरावा. आधी फक्त जे दिसतं ते लिहावं, म्हणजे गाडी, वेळ आणि खूण. खुणेसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा आणि त्यात तारा असेल तर ताराच लिहावा, अर्थ नाही. मग तळाच्या ओळींचा वेगळा तक्ता करावा. त्यात एका खुणेला एक ओळ आणि तिच्यापुढे सात उत्तरं. गाड्यांचे रकाने या दुसऱ्या तक्त्यावरून भरले जातात. हा वळसा वाटतो, पण त्याचा फायदा चूक सापडते तेव्हा कळतो. ताऱ्याचा अर्थच चुकीचा वाचला असेल तर एका ठिकाणी दुरुस्ती केली की ताऱ्याच्या सगळ्या गाड्या सुधारतात. एका गाडीवरचा तारा चुकून फुली म्हणून वाचला असेल तर तेवढी एकच ओळ बदलते. वाचण्यातली चूक आणि अर्थ लावण्यातली चूक या दोन वेगळ्या चुका आहेत. त्या एकाच रकान्यात मिसळल्या की नंतर कुठली कुठे झाली ते सांगता येत नाही.

आपल्या फलकाच्या खुणांचा तक्ता शेवटी असा होतो:

```
service_id,monday,tuesday,wednesday,thursday,friday,saturday,sunday,start_date,end_date
ROJ,1,1,1,1,1,1,1,20260101,20261231
RAVI_BAND,1,1,1,1,1,1,0,20260101,20261231
SHANI_BAND,1,1,1,1,1,0,1,20260101,20261231
SHUKRA,0,0,0,0,1,0,0,20260101,20261231
```

पहिल्या ओळीकडे जरा थांबून पाहावं. म्हापशाच्या ६:४५ च्या गाडीवर काहीच खूण नव्हती आणि आपण तिला रोज म्हटलं. हे बरोबर आहे का? बहुतेक फलकांवर आहे. पण काही फलकांच्या डोक्यावरच ‘सोमवार ते शनिवार’ असा मथळा असतो आणि रविवारच्या गाड्यांसाठी शेजारी दुसरा फलक असतो. तिथे खूण नसलेली गाडी रोजची नसते, सहा दिवसांची असते. म्हणून फोटो काढताना मथळा फोटोत आलाच पाहिजे. खूण नसणं हेही एक विधान आहे आणि त्याचा अर्थ मथळा ठरवतो.

ब्रिटनच्या रेल्वे वेळापत्रकांत हा मुद्दा फार ठळक दिसतो. तिथे गाडीच्या डोक्यावर दोन अक्षरं असायची. SO म्हणजे फक्त शनिवारी, SX म्हणजे शनिवार सोडून. FO म्हणजे फक्त शुक्रवारी, FX म्हणजे शुक्रवार सोडून. एका अक्षराने अर्थ पूर्ण उलटतो, सोमवार ते शनिवारची सहाही उत्तरं बदलतात आणि अंधुक फोटोत O आणि X ओळखणं सोपं नसतं. त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. SX पाहून कुणीही शनिवारी ० आणि बाकी सहा वारी १ लिहील. पण ती खूण ज्या तक्त्यात असायची तो सोमवार ते शनिवारचा, रविवारचा तक्ता निराळा. शनिवार वगळायचा तो सहा दिवसांतून, सातांतून नव्हे. म्हणून त्या गाडीला रविवारीही ०. ‘सोडून’ हा शब्द दिसला की कशातून सोडून, हे आधी विचारायचं.

जर्मन रेल्वेच्या छापील वेळापत्रकांत कामाच्या दिवसासाठी दोन हातोड्यांची फुली असायची आणि रविवार व सुट्टीसाठी क्रूस. हातोडे पाहून आपल्यातला आयटीत काम करणारा पुणेकर सोमवार ते शुक्रवार असा अर्थ लावेल, पण तिथल्या व्याख्येत शनिवारही कामाच्या दिवसांत मोडतो. सोमवार ते शुक्रवारसाठी वेगळी खूण होती, गोलातला A. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी जुन्या खेड्यातल्या थांब्यावरचं वेळापत्रक वाचताना हे लक्षात ठेवावं. चित्र कितीही बोलकं असलं तरी अर्थ तळाच्या ओळीतच शोधायचा.

फोटोतून वाचताना मराठी फलकाची एक स्वतःची अडचण असते. वारांची आद्याक्षरं लिहिण्याची पद्धत आहे: सो, मं, बु, गु, शु, श, र. इंग्रजीत मंगळवार आणि गुरुवार दोघांचा T, शनिवार आणि रविवार दोघांचा S, असा घोळ होतो. मराठीत तो होत नाही, सातही वेगळी. पण शुक्रवार आणि शनिवार यांच्यात फरक फक्त एका उकाराचा. फलकाच्या काचेवर उजेड पडला, रंग उडाला किंवा फोटो तिरका निघाला की सगळ्यात आधी नाहीसा होतो तो अक्षराच्या खालचा उकार. मग ‘शु’ चा ‘श’ होतो आणि बाजाराची गाडी शनिवारी धावू लागते. मं वरच्या अनुस्वाराचंही तसंच, पण तिथे नुकसान होत नाही, कारण नुसत्या ‘म’ ने सुरू होणारा दुसरा वार नाही. म्हणून उकारावर लक्ष द्यायचं, अनुस्वारावर वेळ घालवायचा नाही. तळाच्या ओळींचा जवळून एक वेगळा फोटो घेतला, मोबाईल थोडा बाजूला सरकवून काचेवरची चकाकी टाळली, तर यातलं बरंचसं टळतं. तळाची ओळ बहुधा फ्रेमच्या बाहेर राहते, कारण फोटो काढणाऱ्याचं लक्ष वेळांवर असतं.

वाचून झाल्यावर एक तपासणी करावी आणि ती दोन्ही बाजूंनी करावी. गाड्यांवर दिसलेली प्रत्येक खूण तळाच्या ओळींत आहे का, हे सगळेच पाहतात. उलट बाजूने क्वचितच पाहिलं जातं. तळाला दिलेली प्रत्येक खूण वर कुठेतरी वापरली आहे का? समजा तळाला ‘@ फक्त शुक्रवारी’ असं आहे आणि वर एकाही गाडीवर @ सापडत नाही. फलक करणाऱ्याने ती ओळ उगाच लिहिलेली नसते. बहुतेक वेळा वरच्या कुठल्यातरी गाडीवरचं @ आपल्या नजरेतून सुटलेलं असतं आणि ती गाडी आपण रोजची म्हणून भरलेली असते.

खूण सापडली पण अर्थ सापडला नाही, तर काय लिहायचं? इथे माझं मत ठाम आहे: काहीच लिहायचं नाही आणि ती गाडी प्रसिद्धही करायची नाही. खाना रिकामा ठेवणं हा उपाय नव्हे, कारण पुढची बरीच साधनं रिकाम्या खान्याला ० समजतात. ‘माहीत नाही’ चं ‘नाही’ कधी झालं हे कुणालाच कळत नाही. कामाच्या तक्त्यात तिथे सरळ प्रश्नचिन्ह टाकावं. प्रश्नचिन्हासकट फाईल स्वीकारली जात नाही, आणि तेच हवं असतं. ते चिन्ह काढण्यासाठी कुणाला तरी स्टँडच्या चौकशी खिडकीवर जाऊन वाहतूक नियंत्रकाला विचारावंच लागतं.

एका गाडीवर दोन खुणा असल्या की नवं काम सुरू होतं. एखाद्या गाडीवर तारा आणि फुली दोन्ही असतील तर ती रविवारीही बंद आणि शनिवारीही नाही. सात रकान्यांत हे फार सहज होतं. वार-वार घेऊन दोन्ही ओळींतल्या आकड्यांचा गुणाकार करायचा. सोमवारी १ गुणिले १ म्हणजे १, शनिवारी १ गुणिले ० म्हणजे ०, रविवारी ० गुणिले १ म्हणजे ०. उत्तर सोमवार ते शुक्रवार. पण हा नियम ‘सोडून’ प्रकारच्या खुणांनाच लागू पडतो. ताऱ्यासोबत ‘रविवारी सकाळी ७ वाजता’ अशी खूण असेल तर ती वगळत नाही, जोडते. तिथे गुणाकार केला तर गाडी उगाच गायब होते. अशा गाडीच्या दोन ओळी कराव्या लागतात: एक सहा दिवसांची मूळ वेळेची, दुसरी फक्त रविवारची सात वाजताची.

खूण गाडीच्या डोक्यावर नसून मधल्या एखाद्या थांब्याच्या वेळेवर असेल तरीही तेच करावं लागतं. समजा म्हापशाची ६:४५ ची गाडी शुक्रवारी बाजारपेठेतून वळून जाते आणि एरवी थेट जाते. वारांचे रकाने पूर्ण फेरीला लागतात, एका थांब्याला लागत नाहीत. म्हणून एका फेरीच्या दोन फेऱ्या करायच्या: बाजारपेठेच्या थांब्यासह फक्त शुक्रवारची आणि त्या थांब्याशिवाय बाकी सहा वारांची. बरोबर झालं की नाही हे पाहण्याची सोपी खूण म्हणजे दोन्ही ओळींची वार-वार बेरीज. ती प्रत्येक वारी बरोबर १ यायला हवी. कुठे २ आली तर त्या दिवशी एकच गाडी दोनदा दिसणार. कुठे ० आली तर गाडी त्या दिवशी नाहीशी झाली. शुक्रवारच्या वेगळ्या ओळीत १ लिहायचं सगळ्यांना आठवतं. मूळ ओळीतल्या शुक्रवारी ० करायचं राहून जातं आणि २ येते ती त्यामुळे.

आता आपल्या वडगावच्या मुक्कामी गाडीकडे येऊ. चुकीची खूण पकडण्याची सगळ्यात चांगली जागा तीच आहे. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गेलेली गाडी, चालक आणि वाहक रात्री गावात राहतात आणि सकाळी तीच गाडी परत येते. म्हणजे आदल्या संध्याकाळी गाडी गेलेली नसेल तर सकाळी परतीची गाडी असूच शकत नाही. वारांच्या भाषेत, संध्याकाळची ओळ एक वार पुढे सरकवली की सकाळची ओळ मिळायला हवी. संध्याकाळची फुलीची गाडी शनिवारी जात नाही, म्हणून तिची ओळ १, १, १, १, १, ०, १. ती पुढे सरकवा: सोमवारची संध्याकाळ मंगळवारची सकाळ होते, शुक्रवारची शनिवारची, शनिवारचा ० रविवारच्या सकाळी येतो आणि रविवारचा १ सोमवारच्या. झालं १, १, १, १, १, १, ०, म्हणजे ‘रविवारी बंद’. सकाळच्या गाडीवर फलकात हीच खूण आहे. दोन्ही खुणा वेगळ्या दिसतात, पण एकच गोष्ट दोन टोकांनी सांगतात.

समजा फोटोत फुली नीट दिसली नाही आणि आपण दोन्ही गाड्यांवर तारा वाचला. दोन्ही ‘रविवारी बंद’ हे वाचायला अगदी पटण्यासारखं आहे, कुणालाही शंका येणार नाही. पण संध्याकाळची ओळ सरकवा. रविवारचा ० सोमवारच्या सकाळी येतो. म्हणजे रविवारी संध्याकाळी वडगावात गाडी गेलेलीच नाही, तरी आपल्या तक्त्यात ती सोमवारी सकाळी ६ वाजता निघते आहे. उलट शनिवारी संध्याकाळी गेलेली गाडी रविवारी सकाळी परत येत नाही, म्हणजे ती पूर्ण रविवार गावात उभी. इतकी ठळक विसंगती दिसली की मूळ फोटो पुन्हा मोठा करून पाहायचा. अशी तपासणी ‘सोम ते शनि’ अशा शब्दांवर करता येत नाही. आकड्यांच्या ओळीवर ती बोटांवर मोजूनही होते.

दिवस मध्यरात्री बदलतो यातून आणखी एक पेच निघतो. मुंबईच्या लोकलमध्ये रात्री बारानंतर सुटणाऱ्या शेवटच्या गाड्या असतात. अशा गाडीवर ‘रविवारी धावत नाही’ असं लिहिलं असेल तर कोणता रविवार? रात्री साडेबाराला फलाटावर उभा असलेला माणूस शनिवारचा दिवस संपवून घरी निघालेला असतो, पण घड्याळात रविवार लागलेला असतो. जीटीएफएसने यासाठी चोवीसच्या पुढची वेळ लिहायची सोय ठेवली आहे. शनिवारच्या कामकाजाचा भाग असलेली साडेबाराची गाडी शनिवारच्या रकान्यात १ लिहून `24:30:00` या वेळेने नोंदवता येते. तीच गाडी `00:30:00` लिहिली तर ती रविवारच्या रकान्यात जाते. दोन्ही पद्धती चालतात, पण त्यांची सरमिसळ केली की गाडी बरोबर एका दिवसाने घसरते. रात्रभर धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीला ‘सोमवार, गुरुवार’ असं लिहिलेलं असेल तर तो निघण्याच्या स्थानकावरचा वार असतो. मधल्या स्थानकात ती पहाटे आली तर तिथे मंगळवार आणि शुक्रवार असतो. म्हणून फलक कुठे लावलेला होता हे फोटोबरोबर लिहून ठेवावं. मधल्या स्थानकावरच्या फलकाने स्वतःचा वार दिला असेल तर तो एक वार मागे घेऊन भरायचा.

एवढं करूनही सात रकाने सगळं सांगू शकत नाहीत. ते आठवडा सांगतात, वर्ष सांगत नाहीत. त्यासाठी प्रत्येक ओळीच्या शेवटी सुरुवातीची आणि अखेरची तारीख असते. मुंबई ते मडगाव वंदे भारत २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाली, तेव्हा कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक लागू होतं आणि ती मुंबईहून सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी सुटायची. पावसाळा संपल्यावर ती शुक्रवार सोडून सहा दिवस धावू लागली. म्हणजे शुक्रवारचं उत्तर पावसाळ्यात १ आणि नंतर ०. दोन ओळी, दोन कालावधी, आणि मधल्या तारखांत एक दिवसही दोन्हींत येता कामा नये. पावसाळ्यात काढलेला फोटो दिवाळीनंतर वापरायला काढला की हीच ओळ खोटी ठरते, म्हणून फोटो काढल्याची तारीख ही त्या माहितीची पहिली नोंद असायला हवी.

सुट्ट्यांसाठी वेगळी फाईल असते, `calendar_dates.txt`. तिच्यात एकेक तारीख लिहून गाडी वाढवायची असेल तर १ आणि काढायची असेल तर २ लिहितात. ‘शाळा सुरू असताना’ ही खूण सात रकान्यांत बसत नाही, कारण उन्हाळी आणि दिवाळीची सुट्टी कुठल्या वाराची नसते. तिथे सोमवार ते शनिवार १ लिहून सुट्टीच्या तारखा एकेक करून वजा कराव्या लागतात. २६ जानेवारी २०२६ ला सोमवार आहे, ओळीत सोमवारी १ आहे, म्हणून त्या दिवसासाठी २ ची एक नोंद. शाळांचं सुट्टीचं वेळापत्रक हातात नसेल तर या खुणेची गाडी पूर्ण भरता येत नाही आणि ती अर्धवट भरण्यापेक्षा वेगळी ठेवलेली बरी.

आपल्याकडच्या काही खुणा तर वाराशी नातंच सांगत नाहीत. एकादशीला पंढरपूर, अमावस्येला एखाद्या देवस्थानाला. तिथी दर महिन्याला वेगळ्या वारी येते. २०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलैला, रविवारी होती, म्हणून ती गाडी रविवारची ठरत नाही. अशा गाडीच्या सातही रकान्यांत ० लिहायचं आणि पंचांगातून काढलेल्या वर्षाच्या तारखा दुसऱ्या फाईलमध्ये १ लावून भरायच्या:

```
service_id,date,exception_type
EKADASHI,20250706,1
```

सात शून्यांची ओळ पाहून ती चूक आहे असं वाटून कुणीतरी ती पुसून टाकण्याची शक्यता असते. मांडणीच्या नियमांत ती चालते. तिच्या पहिल्याच रकान्यातल्या नावात ‘एकादशी’ लिहिलेलं असलं की पुसणारा हात थांबतो. म्हणून ओळींना ‘S1’, ‘S2’ अशी नावं देऊ नयेत.

शेवटची तपासणी फलकाच्या उलट बाजूने करायची असते. फलक गाडीवार असतो, आपण आता वारवार यादी काढायची: रविवारी सकाळी इथून काय सुटतं, शनिवारी संध्याकाळी काय जातं. ही यादी सात रकान्यांतून दोन मिनिटांत निघते आणि ती स्टँडवरच्या नियंत्रकाला किंवा त्या मार्गावरच्या वाहकाला दाखवता येते. त्यांनी फलकावरची खूण कदाचित कित्येक वर्षांत पाहिलेली नसते, पण ‘रविवारी सकाळी सहाची वडगावहून?’ असं विचारलं तर ते क्षणभरही न थांबता सांगतात की शनिवारी मुक्काम नसतो, मग सकाळी गाडी कुठून येणार.